भाग १४ : ग्राहकाच्या भावनेची दखल घ्या, पण चूक कबूल करण्याची घाई करू नका



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण चिडलेल्या ग्राहकाशी कसं बोलायचं ते बघितलं. व्हिडिओत वेळ कमी असतो, म्हणून महत्त्वाचा भाग इथे सविस्तर लिहून देतो. वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी एक सराव आहे.

आजचा मुद्दा एका वाक्यात सांगतो. समोरच्याच्या भावनेची दखल घेणं वेगळं आणि त्याचं म्हणणं मान्य करणं वेगळं. ऐकायला सोपं वाटतं. पण नवीन धंदा सुरू केलेल्यांपैकी बरेच जण इथेच अडकतात. काहींना भीती वाटते, की "तुम्हाला त्रास झाला" असं म्हटलं तर चूक आपल्या अंगावर येईल. म्हणून ते पहिल्या वाक्यापासून नाकारत सुटतात. काही जण उलट करतात. ग्राहक शांत व्हावा म्हणून "हो हो, बरोबर आहे तुमचं" म्हणत जातात आणि मग पैसे भरून बसतात. दोघांचं नुकसान होतं.

प्रसंग : ब्राह्मणपुरीची रोपवाटिका

आपण एक प्रसंग धरून चालू. समजा शहादा तालुक्यात ब्राह्मणपुरीला तुमची छोटी रोपवाटिका आहे. शेडनेट, कोकोपीटचे ट्रे, दोन कामगार. आपल्या भागात पपई भरपूर, त्यामुळे पपईच्या रोपांना मागणी आहे. गावातल्या एका आप्पांनी जूनच्या शेवटच्या आठवड्यात तुमच्याकडून दोन एकरासाठी १,८०० रोपं नेली. एका रोपाचा दर १८ रुपये. म्हणजे बिल झालं ३२,४०० रुपयांचं.

लागवडीनंतर साधारण तीन आठवड्यांनी आप्पा सकाळीच रोपवाटिकेत येतात. हातात दोन वाळलेली रोपं. तिथे आणखी दोन ग्राहक उभे आहेत.

आप्पा म्हणतात, "काय रोपं दिली रे तू? अर्धं शेत बसलं माझं! व्हायरसवाली रोपं गळ्यात मारली. सगळे पैसे परत दे, नाहीतर गावभर सांगतो."

आता तुम्ही काय बोलाल? पुढे वाचण्याआधी तुमचं पहिलं वाक्य वहीत लिहा. जे खरंच तोंडातून निघेल तेच लिहा.

दोन नेहमीची उत्तरं

पहिलं उत्तर असं असतं : "आप्पा, आमच्या रोपांत काहीच प्रॉब्लेम नव्हता. बाकी कोणाची तक्रार नाही. तुम्हीच पाणी जास्त दिलं असेल."

यातला प्रत्येक शब्द खरा असू शकतो. तरीही आप्पांचा आवाज आणखी चढणार. कारण त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या : माझं नुकसान झालंय, आणि चूक तुझी आहे. तुम्ही दुसरीचं उत्तर दिलं आणि पहिली ऐकलीच नाही. आता त्यांना नुकसान किती मोठं आहे ते परत सांगावं लागेल, आणि या वेळी जास्त जोरात. वर तुम्ही शेत न बघताच दोष त्यांच्यावर टाकला. म्हणजे नुकसान त्यांचं आणि अक्कल पण त्यांचीच कमी, असा अर्थ झाला.

दुसरं उत्तर : "बरोबर आहे आप्पा, चुकलंच आमचं. टेन्शन घेऊ नका, करू काहीतरी."

आप्पा लगेच शांत होतील. पण उद्या ते म्हणतील, "तूच म्हणालास ना चुकलं, मग आता ३२,४०० दे." शेजारी उभ्या दोन ग्राहकांनी पण ऐकलंय की या रोपवाटिकेची रोपं खराब होती. रोप खरंच खराब होतं का, हे मात्र अजून कोणीच तपासलेलं नाही. तुम्ही सहानुभूती दाखवायला गेलात आणि कबुली देऊन बसलात. हेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं असतं, तर उद्या तक्रार ग्राहक आयोगापर्यंत गेल्यावर तो मेसेज तुमच्यासमोर ठेवला जाऊ शकतो.

"टेन्शन घेऊ नका" हे वाक्य तर दोन्ही बाजूंनी वाईट. टेन्शन का आलं ते त्यात ऐकलेलं नाही, आणि "मी सगळं बघून घेतो" असं वचन मात्र दिलेलं आहे.

तीन कप्पे : भावना, घटना, मागणी

चिडलेला माणूस तीन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधून आणतो. ते गाठोडं मनात सोडायचं आणि तीन कप्पे करायचे.

भावना : आप्पांना धक्का बसलाय, राग आलाय, फसल्यासारखं वाटतंय. हंगाम हातचा जाईल ही भीती पण आहे.

घटना : रोपं मेली. किती मेली, कशाने मेली, व्हायरस होता का. हे तपासून कळणारं आहे.

मागणी : सगळे पैसे परत द्या.

आता प्रत्येक कप्प्याला वेगळं उत्तर लागतं. भावनेची दखल घ्यायची, घटनेची तपासणी करायची, मागणीवर निर्णय द्यायचा. आणि क्रम हाच ठेवायचा. दखल लगेच घ्यायची, तपासणी ठरलेल्या वेळी करायची आणि निर्णय तपासणीनंतर द्यायचा.

भावनेला पुरावा लागत नाही, म्हणून तिची दखल लगेच घेता येते. आप्पांना राग आलाय हे डोळ्यांनी दिसतंय. ते मान्य करायला रोप तपासावं लागत नाही. रोपं पाण्याने मेली असोत, बुरशीने मेली असोत की व्हायरसने, दोन एकरात उभी रोपं मरताना बघून माणूस हादरतो, हे तिन्ही वेळा खरंच आहे. त्यामुळे दखल घेतल्याने तुमच्यावर कुठलीही जबाबदारी येत नाही. जबाबदारी येते ती घटनेबद्दल "चुकलं" म्हटल्यावर, किंवा मागणीला "देतो" म्हटल्यावर.

तर मग उत्तर असं होईल :

"आप्पा, बसा आधी, पाणी घ्या. दोन एकर लावलं, ठिबक अंथरलं, मजुरी दिली, आणि तीन आठवड्यांत रोपं माना टाकायला लागली. हे बघून कोणाचाही जीव जळणार. आणि आता परत लावायचं तर हंगाम पुढे सरकतोय, ती काळजी वेगळीच."

इथे थांबायचं. लगेच "पण" लावायचा नाही. "तुमचा त्रास समजतो, पण आमची रोपं चांगली होती" असं म्हटलं, की पहिलं अर्धं वाक्य पुसलं जातं आणि माणसाला फक्त "पण"च्या पुढचं ऐकू येतं. वाक्य पूर्ण करा, दोन श्वास गप्प राहा, त्यांना बोलू द्या.

ही पद्धत कुठून आली

अमेरिकेत सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मार्शा लिनेहान या मानसशास्त्रज्ञ काम करत होत्या. टोकाच्या वेदनेत असलेल्या, जीव द्यायला निघालेल्या लोकांवर त्या उपचार करायच्या. सुरुवातीला त्या रुग्णांना वागणं कसं बदलायचं ते शिकवायच्या. रुग्णांना वाटायचं, "म्हणजे दोष माझाच आहे." मग त्यांनी नुसतं समजून घेण्यावर भर दिला, तर रुग्णांना वाटायचं, "म्हणजे माझी परिस्थिती बदलणारच नाही." शेवटी दोन्ही एकत्र चालवावं लागतं या निष्कर्षावर त्या आल्या. भावना समजून घ्यायची आणि तिथेच बदलाची मागणी पण ठेवायची. त्यांचं या उपचारावरचं मुख्य पुस्तक १९९३ साली आलं. पुढे २०११ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं, की तरुणपणी त्या स्वतः अशाच आजारासाठी रुग्णालयात होत्या.

त्यांचा एक नियम आपल्या गल्ल्यावर लावून ठेवण्यासारखा आहे. जे खरं आहे त्याचीच दखल घ्या, जे खरं नाही त्याची घेऊ नका. म्हणजे दखल घेणं हे समोरच्याला खूश करणं नाही. आप्पांच्या बोलण्यात जे खरं आहे ते शोधून तेवढंच मोठ्याने म्हणायचं. "जीव जळणारच" हे खरं. "व्हायरसवाली रोपं दिली" हे अजून ठरायचंय, म्हणून त्याला हो पण नाही आणि नाही पण नाही.

लिनेहान यांनी दखल घेण्याच्या सहा पायऱ्या सांगितल्या आहेत. आपल्या कामाच्या तीन बघू.

एक, जे ऐकलं ते आपल्या शब्दांत परत सांगणं. "म्हणजे अर्ध्या शेतातली रोपं बसली, असं ना?" यात ऐकल्याची खात्री होते आणि चुकीचं ऐकलं असेल तर लगेच दुरुस्त पण होतं.

दोन, न बोललेलं ओळखणं. आप्पा हंगामाबद्दल काहीच बोलले नव्हते, तुम्ही ओळखलं. ओळखलेलं बरोबर निघालं तर माणूस एकदम मऊ होतो. पण हा अंदाज आहे हे विसरू नका. खात्री नसेल तर प्रश्न म्हणून विचारा : "हंगामाची पण काळजी असेल ना?" चुकलात तर आप्पा सांगतील, "हंगामाचं नाही रे, मी रोपांसाठी उसने पैसे घेतलेत." बघा, खरं दुखणं बाहेर आलं.

तीन, आत्ताच्या परिस्थितीत हे साहजिक आहे असं सांगणं. "कोणाचाही जीव जळणार" हे या पायरीचं वाक्य. दुकानदाराला सगळ्यात जास्त उपयोगी पायरी हीच. याच्या जवळची अजून एक पायरी आहे, ती म्हणजे जुन्या अनुभवाचा संदर्भ देणं : "मागच्या वर्षी तुम्हाला दुसरीकडे फसवलं होतं, म्हणून तुम्हाला असं वाटतं." ही जपून वापरा. यातून असा अर्थ निघतो की आत्ता काही झालेलं नाही, जुन्या जखमेमुळे तुम्ही चिडताय. आत्ताचं कारण पुरेसं असेल तर जुनं उकरू नका.

शरीरावर याचा काय परिणाम होतो, हे पण तपासलं गेलंय. २०११ साली चॅड शेंक आणि ॲलन फ्रुझेट्टी या अमेरिकन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना दडपणाखाली तोंडी गणितं करायला लावली. मधेमधे काहींना "हे अवघड आहे, असं वाटणं साहजिक आहे" अशा अर्थाचं बोललं गेलं, तर काहींना "यात एवढं वाटून घेण्यासारखं काय आहे" अशा अर्थाचं. ज्यांची भावना उडवून लावली त्यांचे हृदयाचे ठोके आणि मनाचा त्रास जास्त राहिला. गणितं मात्र दोघांना सारखीच अवघड होती! आप्पा भडकलेले असताना त्यांना पाण्याचा निचरा समजावून सांगणं का जमत नाही, ते यावरून लक्षात येईल.

मराठीतले चार सापळे

इंग्रजी पुस्तकांतली वाक्यं भाषांतर करून वापरली की फसगत होते, कारण आपल्या बोलण्यातले काही शब्द वेगळं काम करतात.

पहिला सापळा "बरोबर आहे". आपण ऐकतोय हे दाखवायला सहज "बरोबर, बरोबर" म्हणत जातो. आपल्या मनात त्याचा अर्थ "ऐकतोय, बोला" एवढाच असतो. चिडलेल्या ग्राहकाला मात्र तो "पटलं" असा ऐकू येतो. "हो हो" आणि "खरंय" यांचंही तेच. त्याऐवजी "हं", "सांगा", "मग काय झालं?" एवढंच म्हणा.

दुसरा सापळा "तुम्हाला तसं वाटतंय". पुस्तकात लिहिलेलं असतं की समोरच्याला काय वाटतं ते बोलून दाखवा. म्हणून तुम्ही म्हणता, "आप्पा, रोपं खराब होती असं तुम्हाला वाटतंय." मराठीत याचा अर्थ होतो, "तसं काही नाही, तुमचा भ्रम आहे." वाद तिथेच पेटतो. उपाय सोपा आहे. आरोपाला "वाटतंय" जोडायचं नाही, भावनेला जोडायचं आणि सोबत कारण द्यायचं. "एवढा खर्च करून हे दिवस बघावे लागले, तर फसल्यासारखं वाटणारच." इथे "फसवलं" हे तुम्ही मान्य केलेलं नाही, पण "फसल्यासारखं वाटणं" मान्य केलंय.

तिसरा सापळा नुसतं "मी समजू शकतो". हे वाक्य आता कॉल सेंटरवाल्यांनी इतकं वापरलंय की ते ऐकून माणूस जास्त चिडतो. काय समजलं ते सांगा. ठिबक, मजुरी, हंगाम. ज्याने धंदा ऐकून घेतलाय त्यालाच हे तपशील सांगता येतात.

चौथा सापळा "सॉरी". "तुम्हाला एवढा त्रास होतोय, वाईट वाटलं" आणि "आमच्यामुळे त्रास झाला, सॉरी" यात फरक आहे. पहिल्यात दुःख आहे, दुसऱ्यात कबुली. तपासणी होईपर्यंत पहिलंच वापरा.

घरी आप्पा गुजरी बोलोत की अहिराणी, की तुमचा ग्राहक पावरी बोलणारा असो, तो बोलतो त्या भाषेत "हो" चा अर्थ "ऐकतोय" होतो की "मान्य" होतो, हे आधी ओळखून घ्या.

दखल पोचली हे कसं ओळखायचं

माणूस तेच तेच परत सांगत असेल, तर समजा अजून पोचली नाही. आप्पा तिसऱ्यांदा "अर्धं शेत बसलं" म्हणाले, तर तुम्ही स्पष्टीकरण चालू केलंय आणि त्यांचं ऐकणं राहिलंय. परत मागे या.

पोचली असेल तर तीन गोष्टी दिसतात. आप्पा "हो ना!" म्हणतात. आवाज एक पट्टी खाली येतो. आणि ते आरोप सोडून तपशील द्यायला लागतात : "पाऊस झाला ना मागच्या आठवड्यात, तेव्हापासूनच सुरू झालं." हा तपशील तुमच्या तपासणीसाठी सोन्यासारखा आहे. तुम्ही पहिल्या उत्तरात "पाणी जास्त झालं असेल" म्हणाला असतात, तर त्यांनी हे कधीच सांगितलं नसतं.

मागणीचा क्षण

शांत झाल्यावर आप्पा विचारणारच, "मग पैसे देतो ना?"

इथे बरेच जण घसरतात. एवढं छान बोलणं झालं, आता नाही कसं म्हणायचं, म्हणून "बघू, करू" म्हणतात. "करू" हे वचन आहे, लक्षात ठेवा. त्याऐवजी हे बोला :

"आप्पा, पैशाचं मी आत्ता काही बोलणार नाही, कारण मी अजून शेत बघितलेलं नाही. उद्या सकाळी आठला येतो. दोघं मिळून बघू आणि माझं काय ते तिथेच सांगतो."

दिवस, वेळ आणि निर्णय कधी मिळणार, तिन्ही सांगितलं. आणि मग खरंच आठला जा. नऊला गेलात तर कालचं सगळं बोलणं वाया गेलं.

शेतात

दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमचं बॅच रजिस्टर घेऊन गेलात. त्याच बॅचची रोपं अजून कोणी नेली आणि ती कशी आहेत, हे रात्रीच फोन करून विचारलं होतं. ती ठीक होती.

शेतात दोघांनी ओळी मोजल्या. अर्धं शेत नव्हे, ५४० रोपं गेली होती. त्यातली ४६० शेताच्या खालच्या बाजूला, जिथे काळी जमीन आणि पाणी साचलेलं. वरच्या उताराच्या भागात ८०. रोपं उपटून बघितली तर बुंधा जमिनीलगत पाणचट, काळपट आणि मुळं तपकिरी. हाताने ओढली की मुळाची साल निघून येते. ही कूज आहे. पपईच्या मुळांना साचलेलं पाणी सोसत नाही. व्हायरस असता तर पानांवर पिवळे-हिरवे चट्टे दिसले असते, नवी पानं चिंचोळी, वाकडी झाली असती. आणि पपईचा रिंगस्पॉट व्हायरस मुख्यतः माव्यामुळे शेतात पसरतो.

आता न पटणारी गोष्ट सांगायची आहे. इथे पण दखल आधी, मग घटना :

"आप्पा, मोजली तर ५४० निघाली. ५४० रोपं म्हणजे थोडंथोडकं नुकसान नाही. मला दिसतंय ते सांगतो. ही मुळं बघा, कुजलीत. पानावर चट्टे नाहीत, म्हणजे व्हायरस दिसत नाही. खालच्या बाजूला पाणी थांबलं, तिथेच जास्त गेली. ती जबाबदारी मी घेऊ शकत नाही. वरच्या भागातली ८० मात्र पाण्याने गेली असं मला ठामपणे सांगता येत नाही."

मग निर्णय : "ती ८० मी फुकट बदलून देतो. खालची ४६० तुम्हाला परत लावायची असतील, तर १८ ऐवजी मला पडतं त्या १२ रुपयांत देतो. पण आधी निचऱ्याची चारी काढा, नाहीतर तीही जातील."

हिशोब बघा. ८० रोपांचे तुमचे ९६० रुपये गेले. ४६० रोपांवरचा ६ रुपयांचा नफा सोडला, तो झाला २,७६०. एकूण ३,७२० रुपये. "चुकलंच आमचं" म्हणाला असतात तर ३२,४०० ची मागणी डोक्यावर होती. नुसतं नाकारलं असतं तर एक रुपया गेला नसता, पण आप्पा आणि त्यांची सगळी भाऊबंदकी पुढच्या हंगामात दुसऱ्या रोपवाटिकेत गेली असती. बदली रोपांच्या बिलावर "ग्राहक संबंध म्हणून सवलत" असं लिहा, म्हणजे ती उद्या चुकीची कबुली ठरण्याची शक्यता कमी होईल.

आप्पा खूश होऊन जातील असं नाही. कदाचित म्हणतील, "मला नाही पटलं." चालेल. त्याचीही दखल घ्या : "तुमच्या जागी मलाही लगेच पटलं नसतं." आणि निर्णय तोच ठेवा. दखल घेतली म्हणून समोरचा आपल्याशी सहमत होईल, असं धरून चालू नका. न पटलेला माणूसही परत येतो, जर त्याचं ऐकून घेतलं असेल.

कुठे ही पद्धत चालत नाही

चूक खरंच तुमची असेल, तर दखलीच्या मागे लपू नका. समजा रजिस्टर बघितलं आणि त्या बॅचच्या तिन्ही ग्राहकांची रोपं गेलीत. मग "तुम्हाला किती वाईट वाटलं असेल" म्हणत बसणं म्हणजे फसवणूक. तिथे सरळ बोला : "चूक आमची आहे, सगळी रोपं बदलून देतो." त्या वेळी कबुली हीच खरी दखल.

दुसरं, रागाची दखल म्हणजे शिवीगाळीला परवानगी नव्हे. कोणी तुमच्या कामगारावर हात उचलायला लागला, तर म्हणा, "राग येणं मी समजतो, हात उचललेला चालणार नाही. आवाज खाली आला की बोलू." भावना मान्य, वागणं अमान्य.

तिसरं, प्रत्येक वाक्याला दखल घेऊ नका. ग्राहकाने साधं विचारलं, "रोपं कधी मिळतील?" तर तारीख सांगा. तिथे "उशीर झाल्यावर काळजी वाटतेच" असं सुरू केलंत, तर तो म्हणेल याने नक्की काहीतरी लपवलंय.

सराव

सुरुवातीला वहीत लिहिलेलं तुमचं पहिलं वाक्य काढा. ते भावनेचं उत्तर आहे, घटनेचं की मागणीचं, ते बाजूला लिहा. मग तुमच्या धंद्यातली मागच्या महिन्यातली एक खरी तक्रार घ्या. ब्लाउज घट्ट झाला, पापड तळताना लाल झाले, मोटार रिवाइंड करून परत जळाली, काहीही. तीन कप्पे आखा आणि ग्राहकाचं प्रत्येक वाक्य योग्य कप्प्यात टाका. शेवटी फक्त भावनेच्या कप्प्यासाठी दोन वाक्यं लिहा. त्यात "पण", "बरोबर आहे", "सॉरी" आणि "करू" हे शब्द नकोत, आणि त्या ग्राहकाच्या खर्चाचा किंवा अडचणीचा निदान एक खरा तपशील हवा.

लिहिलेलं घरात कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा आणि एकच प्रश्न विचारा : "यात मी चूक कबूल केली का?" ते "हो" म्हणाले तर वाक्य परत लिहा. "नाही, पण ऐकून घेतलंस असं वाटलं" म्हणाले, तर जमलं.

पुढच्या भागात उधारी मागताना हेच तीन कप्पे कसे वापरायचे ते बघू. तोपर्यंत नमस्कार!